लाइनवर कानबानची कार्डं किती असावीत? एका कॅपॅसिटरचा हिशेब

पंप असेंब्लीच्या लाइनवर कानबान बसवताना मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच: "कार्डं किती छापायची?" बहुतेक ठिकाणी याचं उत्तर अंदाजाने ठरतं. कोणी म्हणतं एक दिवसाचा माल, कोणी म्हणतं दोन बिन जास्तीचे असू द्या. मग रॅक भरून वाहतो, आणि तरीही एखाद्या दुपारी लाइन त्याच पार्टसाठी थांबते. कार्डांची संख्या हा साधा गुणाकार-भागाकार आहे. चुकतो तो त्यात घातलेला वेळ. म्हणून या लेखात एकच पार्ट घेऊन शेवटपर्यंत जाऊ: पंपाच्या मोटरला लागणारा कॅपॅसिटर, पंपामागे एक.

कानबान म्हणजे जपानीत पाटी किंवा फलक. टोयोटात ताइइची ओनो यांनी ही पद्धत रुजवली. अमेरिकन सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाईक फळीवरून जेवढं उचलतं तेवढंच मागून भरलं जातं, ही कल्पना त्यांनी कारखान्यात आणली. आपल्यासाठी त्याचा अर्थ एवढाच: लाइनने जेवढं वापरलं तेवढंच स्टोअरने पाठवायचं, आणि 'वापरलं' हे सांगण्याचं काम कार्डाचं. प्रत्येक भरलेल्या बिनवर एक कार्ड असतं; ते सुटून लाइनवरच्या पेटीत पडलं की बदली बिनची मागणी निघते.

आधी लाइनचा वेग

समजा पाळी सकाळी ८ ते दुपारी ४:३०. त्यातून जेवणाचा अर्धा तास आणि चहाच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन सुट्ट्या वजा केल्या की ४५० मिनिटं काम होतं. दिवसाला ३०० पंप काढायचे, म्हणजे दर ९० सेकंदांना एक पंप, तासाला ४०. कॅपॅसिटरही तासाला ४०.

बिनमध्ये २० नग बसतात, म्हणजे एक बिन अर्धा तास पुरतो. बिनचा आकार ठरवताना मोठ्या बिनचा मोह टाळा. टोयोटाच्या जुन्या नियमात एका बिनमध्ये दिवसाच्या गरजेच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त माल नसावा असं धरलेलं आहे. आपल्याकडे तो हिस्सा ३० नगांचा होतो, त्यामुळे २० चा बिन बसतो. बिन लहान असला की कार्ड वारंवार सुटतं आणि स्टोअरला लाइनचा वेग लवकर कळतो. आत खाचे असतील तर आणखी बरं, कारण २० नग आहेत की १९ हे मोजायची गरजच उरत नाही, एक रिकामा खाचा लगेच दिसतो.

कार्ड फिरायला किती वेळ लागतो

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि घाईत सगळ्यात जास्त चुकते तीही हीच.

स्टोअरची ट्रॉली दर तासाला फेरी मारते. लाइनवरची पेटी उघडून कार्डं घेते, आणि मागच्या फेरीत घेतलेल्या कार्डांचा माल उतरवते. आता विचारलं की "माल यायला किती वेळ लागतो?", तर दहापैकी नऊ जण म्हणतील, "एक तास. ट्रॉली तासाला येते ना." हे बरोबर नाही. ट्रॉली साडेनऊला येऊन गेली आणि पुढच्याच मिनिटाला कार्ड पेटीत पडलं, तर ते साडेदहापर्यंत तिथेच पडून राहणार. साडेदहाला ट्रॉली ते घेऊन जाणार, स्टोअरवाला माल काढणार, आणि बिन येणार साडेअकराला. दोन तास. साडेदहाच्या जेमतेम आधी पडलेल्या कार्डाचा माल तासाभरात येतो हे खरं, पण लाइन थांबवतं ते सगळ्यात उशिरा परतणारं कार्ड. म्हणून हिशेबात दोन तासच धरायचे.

कागदावरच्या या दोन तासांवरही विसंबू नका, प्रत्यक्ष मोजा. प्रत्येक कार्डाला एक चिठ्ठी लावा आणि तिच्यावर चार वेळा लिहून घ्या: कार्ड सुटलं कधी, ट्रॉलीने उचललं कधी, स्टोअरमध्ये माल भरला कधी, बिन लाइनला लागला कधी. पाच दिवस हे केलं की आकडे समोर येतात. त्यातली सरासरी घेऊ नका. नेहमी पडणारा सगळ्यात मोठा आकडा घ्या. एखाद्या दिवशी लिफ्ट बंद पडून चार तास लागले, तो आकडा बाजूला ठेवा आणि लिफ्ट दुरुस्त करा.

हिशेब

सूत्र असं:

कार्डं = (तासाची गरज × फेऱ्याचे तास × (१ + सुरक्षा)) ÷ बिनमधले नग

तासाला ४० नग, फेरा दोन तासांचा, म्हणजे ८० नग. सुरक्षा १० टक्के धरली तर ८८. त्याला २० ने भागलं की ४.४. अर्धवट कार्ड नसतं, म्हणून वरचा पूर्णांक घ्यायचा: ५ कार्डं.

सुरक्षेचा आकडा हा खरा वादाचा विषय. टोयोटाच्या सूत्रात तो १० टक्क्यांच्या आतच ठेवायचा असतो, आणि माझंही तेच मत आहे. ही सुरक्षा दोन-चार नग खराब निघाले, एखादा बिन कमी भरला, लाइन थोडी पुढे पळाली अशा बारीक गोष्टींसाठी आहे. ट्रॉलीची अख्खी फेरी चुकणं किंवा स्टोअरमध्ये माल नसणं यासाठी ती नाही. तिथे ५० टक्के सुरक्षा टाकली तर चुकलेली फेरी कोणाला दिसतच नाही, आणि ती रोजच चुकू लागते.

कार्ड कधी काढायचं

वरचे ५ हे उत्तर एका अटीवर बरोबर आहे: बिनमधला पहिला नग उचलताच कार्ड काढून पेटीत टाकायचं. मग बिन वापरात असतानाच त्याच्या बदलीची मागणी निघालेली असते.

कार्ड बिन रिकामा झाल्यावर काढायची पद्धत असेल, तर मागणी अर्धा तास उशिरा निघते. तो अर्धा तास म्हणजे पूर्ण एक बिन, म्हणून एक कार्ड वाढवून ६ करावी लागतात. दोन्ही पद्धती चालतात. हिशेब एका पद्धतीचा आणि लाइनवर वागणं दुसऱ्या पद्धतीचं झालं, तर मात्र चालत नाही.

आमच्या लाइनवर अगदी हेच झालं होतं. पहिल्या आठवड्यात कॅपॅसिटर दोनदा संपले. मी स्टेशनवर गेलो आणि विचारलं, "ताई, हा बिन कधी उघडला?"

"साहेब, आता संपतच आला."

"आणि कार्ड?"

त्यांनी ॲप्रनच्या खिशातून कार्ड काढून दाखवलं. चूक त्यांची अजिबात नव्हती. पेटी त्यांच्या मागे चार पावलांवर होती, आणि दर ९० सेकंदांच्या कामात मागे वळून चार पावलं जायला वेळ कुठून आणणार? त्या कार्डं खिशात साठवत आणि ट्रॉली दिसली की एकदम देत. ट्रॉली तिकडून आली नाही तर कार्ड खिशातच राही. आम्ही पेटी हाताशी, बिन उघडतो त्याच रॅकच्या कडेला आणली. दुसऱ्या दिवसापासून खिशातली कार्डं बंद झाली.

पाच कार्डं लागल्यावर काय दिसायला हवं

हिशेब जमला की नाही हे लाइनवर उभं राहून कळतं. ट्रॉली येण्याच्या आधीचं मिनिट धरा. कॅपॅसिटरच्या रॅकवर एक उघडा बिन आणि एक पूर्ण भरलेला बिन दिसायला हवा. तसं का? ट्रॉली गेल्यावर दोन कार्डं तिच्याबरोबर स्टोअरला गेलेली असतात, म्हणजे रॅकवर तीन भरलेले बिन उरतात. पुढच्या तासात त्यातले दोन उघडले जातात. राहिला एक. हा एक बिन म्हणजेच आपली सुरक्षा. चार कार्डं असती तर तोही नसता, नुसत्या उघड्या बिनवर ट्रॉलीची वाट पाहावी लागली असती.

म्हणून दोन आठवडे ट्रॉलीवाल्याला एकच गोष्ट लिहायला सांगा: माल उतरवण्याआधी रॅकवर भरलेले बिन किती होते. रोज दोन किंवा जास्त दिसत असतील तर एक कार्ड काढून घ्या. बहुतेक वेळा एक दिसत असेल तर हात लावू नका. शून्य वारंवार येत असेल तर कार्ड वाढवण्याआधी शून्य कोणत्या वेळी येतं ते बघा.

आमच्याकडे शून्य यायचं ते नेमकं दुपारी. कार्डं पाचच, सकाळ व्यवस्थित जायची, पण एकच्या आसपास किंवा अडीचच्या फेरीच्या थोडं आधी रॅकवर एकही भरलेला बिन नसे. त्यातच एखादा बिन १८ नगांचा निघाला की लाइन थांबे. चिठ्ठ्यांवरच्या वेळा मांडल्या तेव्हा कारण सापडलं. स्टोअरची जेवणाची सुट्टी साडेबारा ते एक होती आणि लाइनची एक ते दीड. साडेबाराची फेरी रोज चुकत होती आणि लाइन मात्र चालू होती. साडेदहानंतर लगेच सुटलेलं कार्ड साडेअकराला उचललं जायचं आणि त्याचा माल यायचा थेट दीडला. घड्याळात तीन तास. त्यातला लाइनच्या जेवणाचा अर्धा तास वजा केला तरी कामाचे अडीच तास. अडीच तासांत लाइन १०० नग खाते, आणि पाच बिनमध्ये असतात बरोबर १००. सुरक्षा शून्य.

सहावं कार्ड टाकून भागलं असतं. पण तो एक बिन दिवसभर, सकाळीसुद्धा, रॅकवर पडून राहिला असता, आणि हीच गोष्ट त्या ट्रॉलीवर येणाऱ्या चाळीस-पन्नास पार्टांसाठी करावी लागली असती. आम्ही स्टोअरची सुट्टी लाइनबरोबर एक ते दीड केली. पाच कार्डं पुरली.

दोन मॉडेल आली की

इथपर्यंत एकच मॉडेल धरलं. प्रत्यक्षात त्याच लाइनवर एक एचपीचे २०० आणि अर्धा एचपीचे १०० पंप निघतात, आणि दोघांचे कॅपॅसिटर वेगळे.

दिवसाच्या सरासरीने हिशेब केला तर अर्ध्या एचपीच्या कॅपॅसिटरची गरज तासाला १३.३ नग. दोन तासांचे २६.७, सुरक्षेसह २९.३, भागिले २० म्हणजे १.४७, वर घेऊन २ कार्डं. एक एचपीची तशीच ३ येतात. एकूण पुन्हा पाचच.

पण प्लॅनिंगने सकाळपासून एक एचपी काढून दुपारी सलग अर्धा एचपी लावला, तर त्या वेळी अर्ध्या एचपीचे कॅपॅसिटर तासाला १३ नाही, ४० लागतात. दोन कार्डांचे ४० नग एका तासात संपतात, आणि सुटलेल्या कार्डाचा माल दोन तासांनीसुद्धा येऊ शकतो. लाइन तासभर बसून राहू शकते. सलग बॅच चालवायची असेल तर प्रत्येक मॉडेलला पूर्ण वेगाची, म्हणजे पाच-पाच कार्डं हवीत. एकूण दहा.

दुसरा मार्ग: एक, एक, अर्धा, एक, एक, अर्धा असा क्रम लावून दिवसभर मिसळून चालवणं. मग ३ आणि २ कार्डं खरोखर पुरतात. रॅकवरचा माल निम्मा होतो. म्हणून कार्डं छापण्याआधी प्लॅनिंगवाल्यासोबत बसून क्रम ठरवा. तो जर दर आठवड्याला बदलणार असेल, तर प्रामाणिकपणे दहा कार्डं छापा आणि त्यासाठी रॅकवर जागा करा. जागा नेहमी सगळ्या कार्डांच्या बिनसाठी लागते, कारण लाइन दुसऱ्या कारणाने थांबली की सगळे भरलेले बिन तुमच्याकडे येऊन उभे राहतात.

स्टोअर आणि सप्लायर यांच्यातलं चक्र

लाइनचं चक्र वेगळं, सप्लायरचं वेगळं. त्यांची कार्डंही वेगळ्या रंगाची ठेवा. सप्लायरकडून कॅपॅसिटर १०० नगांच्या खोक्यात येतात. स्टोअरने खोकं उघडलं की सप्लायर कार्ड सुटतं आणि पुढच्या गाडीबरोबर जातं.

सप्लायरची लय तीन आकड्यांत लिहितात, उदाहरणार्थ १:१:२. पहिला आकडा किती दिवसांत, दुसरा किती गाड्या, तिसरा नेलेल्या कार्डाचा माल त्यानंतरच्या कितव्या गाडीला येतो. इथे दिवसाला एक गाडी, आणि आज गेलेल्या कार्डाचा माल परवाच्या गाडीने. त्यात गाडीची वाट पाहणारा एक टप्पा मिळवायचा, तोच ट्रॉलीच्या पेटीतला तास. म्हणून फेरा होतो १ × (२ + १) ÷ १, म्हणजे ३ दिवस.

तीन दिवसांचे ९०० नग. इथे सुरक्षा टक्क्यांत न धरता वेळेत धरा. गाडी चाकणच्या रहदारीत अडकून सकाळऐवजी दुपारी येते हे नेहमीचं असेल, तर अर्धा दिवस, म्हणजे १५० नग. एकूण १०५०, भागिले १०० म्हणजे १०.५. वर घेऊन ११ कार्डं.

त्याच सप्लायरने दिवसाला दोन गाड्या पाठवल्या, १:२:२, तर फेरा १ × ३ ÷ २ = दीड दिवस. ४५० नग, अधिक १५०, एकूण ६००, म्हणजे ६ कार्डं. नगांचा खप तोच, सप्लायर तोच, फक्त गाडी दोनदा, आणि स्टोअरमधला जवळजवळ निम्मा माल गेला. एकट्या कॅपॅसिटरसाठी दुसरी गाडी परवडणार नाही हे उघड आहे. त्याच पट्ट्यातल्या तीन-चार सप्लायरांचा माल एकाच गाडीने फिरून गोळा केला तर परवडते.

कार्ड हरवतं, आणि तेव्हा कळायला हवं

हरवलेलं कार्ड म्हणजे हरवलेला बिन. पाचातलं एक गेलं की सुरक्षा गेली, आणि काही दिवस कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून कार्डावर पार्ट नंबर, नाव, बिनमधले नग, स्टोअरमधली जागा आणि लाइनवरची जागा एवढं तर हवंच, पण '३/५' असा क्रमांक विसरू नका. पाचातलं तिसरं. दर शनिवारी सुपरवायझरने लाइन, पेटी, ट्रॉली आणि स्टोअर इथली कार्डं मोजायची. १, २, ३, ५ मिळाली तर चौथं शोधायचं. आम्हाला ते बहुतेक वेळा रिकाम्या बिनच्या तळाशी किंवा रिजेक्शनच्या लाल बिनमध्ये सापडलं. लाल बिनमध्ये सापडलं तर समजा कोणीतरी खराब माल कार्डासकट बाजूला ठेवला आहे. खराब नग जाऊ द्या, पण कार्ड लगेच परत चक्रात आलं पाहिजे.

नवीन कार्ड छापून देण्याची घाई करू नका. जुनं चार दिवसांनी सापडतं आणि मग पाचाची सहा होतात. सहाव्याची तक्रार कोणी करत नाही, त्यामुळे ते कायमचं राहतं.

नटबोल्ट, वॉशर यांना हे सगळं करायची गरज नाही. दोन डबे ठेवा, एक संपला की दुसरा ओढा, रिकामा डबाच कार्ड. उलट, महिन्यातून दोनदा लागणारा खास ऑर्डरचा शाफ्ट कानबानवर ठेवू नका. त्याचा बिन धूळ खात राहील. तो ऑर्डरनुसारच मागवा.

खप बदलला की

कार्डांची संख्या कायमची नसते. घरगुती पंपांचा खप उन्हाळा तोंडावर आला की वाढतो. लाइन ३०० वरून ३६० वर गेली तर तासाला ४८ नग, दोन तासांचे ९६, सुरक्षेसह १०५.६, भागिले २० म्हणजे ५.२८. सहा कार्डं लागतात.

सहावं कार्ड वेगळ्या रंगाचं छापा आणि त्यावर परत घेण्याची तारीख मोठ्या अक्षरांत लिहा. आमचं केशरी होतं, तारीख ३१ मे. त्या दिवशी सुपरवायझर पेटीतून ते काढून टेबलाच्या खणात ठेवायचा. ते रिकामं सुटलेलं असतानाच काढायचं, भरलेल्या बिनवरून नाही. बिनवरून काढलं तर तो बिन कार्डाविना रॅकवर उरतो, आणि कार्ड नसलेल्या बिनची मागणी कोणीच करत नाही, मोजणीतही तो सापडत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रॉलीवाल्याची वही पुन्हा उघडा. उतरवण्याआधी रॅकवर एक भरलेला बिन, असं रोज दिसत असेल तर पाच पुरेशी आहेत.